कातडीच्या भिंतीतला चुना

"मावशी, नुसत्या पाण्यानंसुद्धा तोंड चुरचुरतं गं," भाची म्हणाली. दीड महिना ती रोज रात्री रेटिनॉल लावत होती आणि एक दिवसाआड ग्लायकोलिक आम्लही. गाल लाल, ताणल्यासारखे चकचकीत. पूर्वी सहज सोसणारे साधे क्रीमही आता झोंबत होते. हीच ओळखायची खूण.

रेटिनॉलचा जहाल भाऊबंद ट्रेटिनॉइन. फिलाडेल्फियाचे डॉ. अल्बर्ट क्लिगमन व सहकाऱ्यांनी 1969 मध्ये तो मुरुमांवर उपयोगी असल्याचे दाखवले. कातडी लाल होणे, सोलणे तेव्हाही होतेच. पण असे का होते, हे समजायला कातडीची रचना कळायला हवी होती.

कातडीचा सर्वांत वरचा थर म्हणजे मेलेल्या पेशींचा निरुपयोगी पापुद्रा, असे पुष्कळ काळ मानले जाई. सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. पीटर इलायस यांनी त्याला विटांच्या भिंतीची उपमा दिली. पेशी म्हणजे विटा, आणि मधला चुना स्निग्ध पदार्थांचा: सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले. वजनाने जवळजवळ निम्मा वाटा सेरामाइडचा. आम्ल विटांचे सांधे सैल करते. रेटिनॉल पेशींची घाई करते. चुना धड बसण्याआधीच भिंत उघडी पडते. आतले पाणी उडते, बाहेरचे आत झोंबते.

मग सेरामाइडच चोपडले तर? इलायस यांच्या गटाने 1993 मध्ये नेमके हे तपासले. केस नसलेल्या उंदरांच्या कातडीवरचे स्निग्धांश ॲसिटोनने काढले आणि तिथून किती पाणी उडते ते मोजले. निकाल उलटाच! तिघांपैकी एकच किंवा दोनच पदार्थ लावले, तर दुरुस्ती रखडली. तिन्ही एकत्र दिले, तर ती नेहमीच्या गतीने झाली. 1996 मध्ये त्याच गटाला दिसले, की मिश्रणात एकाचे प्रमाण तिप्पट केले तर वेग वाढतो.

म्हणून डबीवर ठळक अक्षरांत 'सेरामाइड' आहे, एवढ्यावर जाऊ नये. मागच्या यादीत कोलेस्टेरॉल व मेदाम्ले आहेत का, पाहावे. किती आहेत, ते मात्र यादीवरून सहसा कळत नाही. (आपले स्वस्त व्हॅसलीनही अगदीच बिचारे नाही. ते नुसते वर बसत नाही, वरच्या थरात शिरते आणि खालची दुरुस्ती चालू राहते, हे 1992 मध्येच दिसले होते.)

भाचीला मी रेटिनॉल आणि आम्ल दोन्ही बंद करायला लावले. सकाळी नुसते पाणी, रात्री सौम्य क्लीन्झर, आणि कातडी ओलसर असतानाच तिन्ही घटकांचे क्रीम. पहिले दोन-तीन दिवस तेही झोंबले, म्हणून आधी नुसते व्हॅसलीन. खाज सुटून बारीक पाण्याचे फोड आले असते, तर ती ॲलर्जी असू शकली असती आणि मी तिला सरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले असते. कुणी सुचवलेली स्टिरॉइडची ट्यूब मात्र मी हाती लागू दिली नाही.

चौथ्या आठवड्यात पाणी झोंबेनासे झाले. रेटिनॉल तिने पुढे दोन महिन्यांनी सुरू केले, आठवड्यातून दोनदा, क्रीमच्या थरावर. आम्लाची बाटली तिने परत उघडलेली नाही.