पुलावरचा पाऊस आणि कोरणाऱ्याचा हात

वरणगावच्या आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचे एक छापील चित्र होते. जयंतीच्या मिरवणुकीत विकत घेतलेले, स्वस्त कागदावरचे. त्यातील गालांना गोलाई होती, कोटाच्या घडीत सावली होती, आणि पाठीमागचा रंग हळूहळू गडद होत गेला होता. चित्र म्हणजे असेच असते, गाल फुगीर दिसला पाहिजे, घडी हाताला लागेल असे वाटले पाहिजे, अशी माझी समजूत त्या भिंतीने करून दिली. पुढे कॉलेजात शिकवू लागल्यावर एका पुस्तकात जपानी चित्रकार हिरोशिगे याचे 'ओहाशी पुलावरील अचानक आलेली सर' हे चित्र पाहिले आणि ती समजूत हलली. त्यात सावली नाही. नदी म्हणजे निळ्या रंगाचा एक पट्टा, पूल म्हणजे पिवळसर रंगाचा दुसरा. आणि तरीही पाऊस अंगावर येतो.

या चित्राची नक्कल व्हॅन गॉगने १८८७ साली पॅरिसमध्ये तैलरंगात केली. युरोपात नवी चित्रकला घडवणारा माणूस जपानच्या बाजारात विकल्या गेलेल्या एका छापील कागदासमोर विद्यार्थ्यासारखा का बसला, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. त्याचे नेहमीचे उत्तर 'पौर्वात्य सौंदर्यदृष्टी' असे दिले जाते. हे उत्तर अपुरे आहे. दृष्टी हवेत तयार होत नाही. ती लाकडावर, कागदावर आणि हातावर तयार होते.

या चित्रांना 'उकियो-ए' म्हणतात. 'उकियो' हा शब्द आपल्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. मूळ बौद्ध वळणाच्या भाषेत त्याचा अर्थ दुःखमय जग असा होता. सतराव्या शतकात त्याच उच्चाराचा, पण 'तरंगते जग' अशा अर्थाचा शब्द रूढ झाला: जग क्षणभंगुर आहे, तर मग आज नाटक पाहा, गाणे ऐका, मजा करा. हा अर्थ एदो शहरातील, म्हणजे आजच्या टोकियोतील, व्यापारी व कारागीर लोकांचा होता. सामुराई वर, मग शेतकरी, मग कारागीर आणि शेवटी व्यापारी अशी तेथील समाजाची उतरंड सांगितली जाई. पैसा हाती आला तरी मान नसलेल्या या वर्गाने आपली करमणूक आणि आपली चित्रे स्वतः निर्माण केली. एका वाडगाभर शेवयांच्या किमतीत असे चित्र मिळे. ते दरबारासाठी नव्हते.

आता ओहाशीचे चित्र कसे तयार झाले ते पाहू. हिरोशिगेची 'एदोची शंभर प्रसिद्ध दृश्ये' ही मालिका १८५६ ते १८५८ या काळात निघाली. हे चित्र १८५७ चे. कागद सुमारे ३६ सेंटिमीटर उंच व २४ सेंटिमीटर रुंद. चित्रकाराने पातळ कागदावर फक्त रेषा काढायच्या. तो कागद चेरीच्या लाकडाच्या फळीवर पालथा चिकटवला जाई आणि कोरणारा रेषेच्या दोन्ही बाजूंचे लाकूड काढून टाकी. रेषा उंच राही, बाकी सारे खोल जाई. या कामात चित्रकाराचा मूळ कागद नष्ट होई. म्हणजे ज्याला आपण 'मूळ चित्र' म्हणतो ते मुळी उरतच नाही. उरतो तो कोरलेला ठोकळा.

या ठोकळ्यावरून काळे ठसे काढून प्रत्येक रंगासाठी वेगळी फळी कोरत. सर्व रंग बरोबर जागेवर बसावेत म्हणून प्रत्येक फळीच्या कोपऱ्यावर एक काटकोनी आणि कडेला एक सरळ अशा दोन खाचा ठेवलेल्या असत. कागद त्या खाचांना टेकवून ठेवायचा. ही जागा केसभर चुकली की रंग रेषेबाहेर सांडलेला दिसतो. घाईने काढलेली प्रत ओळखायची ही पहिली खूण. आपल्याकडे कापडावर ठसे मारणाऱ्या छिप्यालाही ठशाला ठसा असाच जुळवावा लागतो.

मग छापणारा. तो पाण्यात कालवलेला रंग, थोड्या भाताच्या खळीसह, ब्रशने फळीवर लावी, ओलसर कागद पालथा घाली आणि बांबूच्या सालपटात गुंडाळलेल्या चपट्या गोल गादीने पाठीमागून घासे. येथे यंत्र नव्हते. दाब होता तो मनगटाचा. म्हणून खऱ्या हातछापाच्या पाठीवर त्या गादीचे गोल घासे दिसतात आणि रंग कागदात मुरलेला असतो.

सपाट रंगाचे कारण येथे सापडते. एक फळी एका वेळी एक रंग देते, तोही सबंध पृष्ठभागावर सारखा. गालाची गोलाई किंवा घडीची सावली दाखवायची तर कित्येक फळ्या वाढतील आणि शेवयांच्या किमतीत चित्र देता येणार नाही. रेषेवर भिस्त ठेवणारी जुनी चित्रपरंपरा पाठीशी होतीच. लाकडाच्या मर्यादेने तिला आणखी पक्के केले. मात्र मर्यादा म्हणजे गरिबी नव्हे. याच चित्रात वरच्या कडेला काळा ढग आहे. फळीवरचा रंग छापणाऱ्याने ओल्या फडक्याने वा ब्रशने विरवला, म्हणून ढग खाली येता येता नाहीसा होतो. हे कोरून करता येत नाही. प्रत्येक कागदाला नव्याने करावे लागते, त्यामुळे दोन प्रतींतील ढग तंतोतंत सारखे नसतात. आणि पावसाच्या रेषा? शाईची रेघ ओढणे सोपे आहे. पण लाकडात ती रेघ उंच ठेवून दोन्ही बाजूंनी कोरायची, तीही कागदभर लांब, न तुटता, आणि दोन किंचित वेगळ्या दिशांनी. या चित्रात पाऊस कोरणाऱ्याच्या पात्याने पाडला आहे.

दुसरी गोष्ट कापलेल्या मांडणीची. ओहाशीच्या पुलाची दोन्ही टोके कागदाबाहेर आहेत. माणसे छत्र्यांखाली वाकून पळतात, चेहरे झाकलेले. ती कोठून आली, कोठे चालली, कळत नाही. याच मालिकेतील कामेइदोच्या बागेतील आलुबुखाराच्या झाडाचे चित्र तर याहून धाडसी आहे. झाडाचे खोड डोळ्यांच्या इतके जवळ आणले आहे की ते वर आणि बाजूंना कापले गेले आहे, आणि त्याच्या फांद्यांतून लांबची माणसे मुंगीएवढी दिसतात. आडव्या निसर्गदृश्याऐवजी उभा अरुंद कागद निवडल्यामुळे हे करावेच लागले. पण हिरोशिगेने त्या सक्तीचेच साधन केले. दृश्य कागदावर संपत नाही, हे तो दाखवतो.

युरोपातील चित्रकारांना याचे अप्रूप का वाटले? पंधराव्या शतकापासून तेथे चित्र म्हणजे खिडकी, असा नियम होता. एका जागी स्थिर उभ्या असलेल्या डोळ्याला दिसेल तशी खोली, प्रकाश-छायेने आलेला फुगीरपणा आणि मध्यभागी मुख्य पात्र. अकादमीत हेच शिकवले जाई. पॅरिसचे रस्ते, कॅफे, नाटकगृहे रंगवू पाहणाऱ्या तरुणांना हा नियम अडसर वाटू लागला होता. रस्त्यावर कोणी मध्यभागी उभा राहत नाही. १८५४ नंतर जपानची बंदरे उघडली, १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात जपानने भाग घेतला आणि ही चित्रे दुकानांत आली. १८६८ साली मानेने लेखक झोला याचे व्यक्तिचित्र रंगवले, त्यात मागच्या भिंतीवर जपानी मल्लाचे चित्र आहे. देगाने माणसांना चौकटीच्या कडेवर कापले. १८९० च्या पॅरिसमधील मोठ्या जपानी प्रदर्शनानंतर मेरी कसाट हिने दहा रंगीत छाप केले, आणि १८९१ साली तुलूझ-लोत्रेकने मुलँ रूजचे भित्तिपत्रक सपाट रंगांत केले. अर्थात कापलेली चौकट त्यांना छायाचित्रांतही दिसत होती. सगळे श्रेय एकट्या जपानला देणे बरोबर नाही.

आणि 'शुद्ध पूर्व' हीही कल्पनाच. जपानी चित्रकारांना युरोपीय यथार्थदर्शन अठराव्या शतकापासून माहीत होते. होकुसाईच्या प्रसिद्ध लाटेतील निळा रंग हा युरोपात शोधलेला प्रशियन निळा होता. देवाणघेवाण आधीच झाली होती.

व्हॅन गॉगच्या नकलेत एक महत्त्वाचा फरक आहे. त्याने मांडणी तशीच ठेवली, रंग अधिक तीव्र केले, भोवती जपानी अक्षरांची चौकट घातली. ती अक्षरे त्याने दुसऱ्या छापांवरून उतरवली. पण त्याची नदी ब्रशच्या जाड फटकाऱ्यांनी हलते आणि त्याचा पाऊस रंगाच्या ओरखड्यांसारखा आहे. लाकडाची ती अखंड, केसासारखी रेषा तैलरंगात येत नाही. त्याने हिरोशिगेची चौकट घेतली. कोरणाऱ्याचा हात त्याला घेता आला नाही. तो हात कोणाचा होता हे त्याला ठाऊक असण्याचेही कारण नव्हते. कागदावर चित्रकाराची सही असते, प्रकाशकाची खूण असते, सरकारी तपासनिसाचा शिक्का असतो. कोरणाऱ्याचे नाव क्वचित आणि छापणाऱ्याचे त्याहून क्वचित.

या तरंगत्या जगाच्या तळाशी आणखी माणसे होती. कागदावर रंग फुटू नये म्हणून त्याला सरस आणि तुरटीचे पाणी देत. सरस कातड्यापासून उकळतात, आणि जपानात कातड्याचे काम 'एता' म्हणून अस्पृश्य ठरवलेल्या जमातींवर लादलेले होते. कायद्याने तो दर्जा १८७१ साली रद्द झाला. वागणुकीतून तो तेव्हा गेला नाही. तसेच उतामारोच्या चित्रांतील सुंदर स्त्रिया. त्यांतील कितीतरी योशिवाराच्या परवानाधारक वस्तीतील होत्या, गरीब घरांतून कर्जापायी लहानपणीच विकलेल्या. मेल्यावर बेवारस देह जवळच्या जोकानजी मंदिरात नेऊन टाकत. लोक त्याला 'टाकून देण्याचे मंदिर' म्हणत. त्यांच्यापुरता 'उकियो' चा जुना अर्थ कधी बदललाच नाही. ही चित्रे पाहताना सौंदर्य नाकारण्याचे कारण नाही. पण ते कोणाच्या अंगावर उभे आहे, हे विसरण्याचेही नाही.

शेवटी आपल्या भिंतीकडे परत येतो. मुंबईत १८५७ साली जे. जे. कला विद्यालय सुरू झाले. ओहाशीच्या पुलावरचा पाऊस छापला गेला तेच वर्ष. तेथे युरोपीय पद्धतीची छाया आणि यथार्थदर्शन शिकवले गेले. १८९४ मध्ये घाटकोपरला रवि वर्म्याचा छापखाना निघाला आणि जर्मन तंत्रज्ञांच्या मदतीने दगडांवरून फुगीर गालांच्या देवता घरोघर गेल्या. म्हणजे पॅरिसचे चित्रकार ज्या नियमांतून सुटू पाहत होते, तेच नियम त्याच दशकांत आमच्याकडे कलेचा मानदंड म्हणून रुजले. त्या देवतांना आमच्या भिंतीवर जागा नव्हती, त्यांच्या गालाची गोलाई मात्र बाबासाहेबांच्या चित्रातून आमच्या घरी आली होती. ते चित्र आजही मला प्रिय आहे. पण वर्गात ओहाशीचा पूल दाखवताना मी मुलांना आधी चित्रकाराचे नाव विचारत नाही. पावसाची रेघ कोणी कोरली, ते विचारतो.