बाळाचा बाप्तिस्मा, माद्रीन आणि घरी थांबलेली आई

बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, हे आपल्या ओळखीचं. ख्रिस्ती शेजारणीकडे बाळाचा बाप्तिस्मा असतो तेव्हा आत्याच्या जागी कोण असतं, आणि आई कुठे असते? आज ठाण्याच्या ईस्ट इंडियन कॅथलिक घरांबद्दल बोलू. नाव परकं वाटतं, पण माणसं इथलीच, घरात मराठी बोलणारी. हे नाव त्यांनी 1887 साली घेतलं. 1534 नंतर वसई-ठाण्यावर पोर्तुगीजांचा अंमल आला, तेव्हा त्यांचे पूर्वज ख्रिस्ती झाले. 1737 साली मराठ्यांनी ठाणे घेतलं. पोर्तुगीज गेले, पण त्यांचे काही शब्द घराघरात राहिले. त्यातलेच दोन, पाद्रीन आणि माद्रीन, म्हणजे धर्मपिता आणि धर्ममाता.

पूर्वी बाप्तिस्म्याची फार घाई असे. बाळं दगावत, आणि बाप्तिस्म्याशिवाय बाळ जाऊ नये ही धास्ती मोठी. म्हणून काही दिवसांतच बाळाला चर्चमध्ये नेत. तेव्हा आई बाळंतिणीच्या खाटेवर! मग बाळाला हातात धरायचं आणि पाद्रीबाबांच्या प्रश्नांना बाळाच्या वतीने उत्तरं द्यायची, हे काम माद्रीन-पाद्रीनचं. जुन्या विधीत आईला बोलायला एक वाक्यही नव्हतं. पुढे ती बरी होऊन चर्चला गेली की तिच्यासाठी वेगळा आशीर्वाद असे.

पण एका बाईला मात्र मोठा अधिकार होता, तो सुइणीला. बाळ वाचेलसं दिसत नसेल आणि पाद्री जवळ नसेल, तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. बाळाच्या डोक्यावर पाणी ओतायचं, आणि ओततानाच पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देते असं म्हणायचं. म्हणून 1614 च्या रोमच्या विधिग्रंथात पाद्रींना सांगितलं होतं की सुइणींना ही रीत नीट शिकवा. बाळ जगलंच तर नंतर चर्चमध्ये बाकीचा विधी होई, पण पाणी पुन्हा ओतत नसत. सुइणीने केलेलं पक्कं धरलं जाई.

1969 साली लहान बाळांसाठी नवा विधी आला आणि आईची जागा बदलली. आता सुरुवातीलाच आई-वडिलांना विचारतात, बाळाचं नाव काय ठेवलंत, चर्चकडे काय मागता? पाद्री बाळाच्या कपाळावर क्रूसाची खूण करतात, मग आई-वडील करतात. बाळाला पाण्याशी आणतानाही बहुधा आईच धरते. घाईही कमी झाली. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बाप्तिस्मा करावा, एवढंच नियम सांगतो.

मग धर्ममाता कशाला, असं वाटेल. आई-वडिलांच्या बरोबरीने बाळाला धर्मात वाढवायची जबाबदारी तिने घेतलेली असते. एक धर्मपिता किंवा एक धर्ममाता पुरते. दोघं असतील तर एक पुरुष, एक बाई. वय साधारण 16 पुरं हवं, स्वतःचा बाप्तिस्मा, पहिला ख्रिस्तप्रसाद आणि दृढीकरण झालेलं हवं, आणि ती बाळाची आई नसावी. इथेच घरात खटके उडतात. श्रीमंत काका किंवा जिवलग मैत्रीण ठरवून ठेवलेली असते, आणि दृढीकरण झालेलंच नाही हे ऐनवेळी कळतं. नात्याचा मान वेगळा, हे काम वेगळं. दुसऱ्या पंथाची ख्रिस्ती मैत्रीण असेल तर तिला साक्षीदार म्हणून उभं राहता येतं, मात्र सोबत एक कॅथलिक धर्मपिता किंवा धर्ममाता लागते.

म्हणून तयारी कागदांपासून सुरू होते. महिनाभर आधी चर्चच्या ऑफिसात जाऊन तारीख घ्यायची. सहसा बाळाचा जन्मदाखला, आई-वडिलांच्या चर्चमधल्या लग्नाचा दाखला, आणि धर्मपिता-धर्ममाता दुसऱ्या चर्चचे असतील तर त्यांच्या पाद्रींचं पत्र मागतात. आई-वडील आणि धर्मपालकांना शिकवणीलाही बसावं लागतं. घरी पांढरा झबला नाहीतर फ्रॉक आणि मेणबत्ती आणतात. अनेक घरांत हा खर्च माद्रीनचा. पाण्यानंतर टाळूला सुगंधी पवित्र तेल लावतात, पांढरं वस्त्र देतात, आणि चर्चमधल्या मोठ्या मेणबत्तीवरून बाळाची मेणबत्ती पेटवतात, बहुधा पाद्रीनच्या हातून. जेवणाला बहुतेक घरी फुगे तळलेले असतात.

कल्याण-डोंबिवलीत केरळी सिरो-मलबार कुटुंबंही आहेत. त्यांचा कल्याण धर्मप्रांत 1988 साली झाला. त्यांच्याकडे बाळाला बाप्तिस्म्याबरोबरच दृढीकरणही देतात.

शेवटी चर्चच्या वहीत बाळाचं, आई-वडिलांचं आणि धर्मपालकांचं नाव लिहितात. ते घरी येण्याआधी वाचून घ्यावं. मुलगी मोठी होऊन लग्न ठरलं की याच पानावरून ताजा दाखला काढावा लागतो, आणि लग्न झाल्याची नोंदही याच पानाच्या कडेला होते. जन्मदाखल्यावर एक नाव आणि वहीत दुसरं असेल, तर ऐन लग्नात धावपळ होते. शिवाय बाप्तिस्म्याचा दाखला म्हणजे सरकारी जन्मदाखला नव्हे. तो नगरपालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून वेगळा घ्यावाच लागतो.