वसतिगृहाचा फी तक्ता : अपुरा भरणा आणि बाकी कशी वाचावी?

वसतिगृहात राहणाऱ्या मुलाची फी अनेक घरांतून एकरकमी भरली जात नाही. पीक विकले की काही, पगार झाला की काही, शिष्यवृत्ती आली की उरलेली, अशी ती टप्प्याटप्प्याने येते. म्हणून अधीक्षक (काही ठिकाणी रेक्टर किंवा गृहपाल) पालकांना सत्राचा फी तक्ता पाठवतात आणि सोबत तो कसा वाचायचा हे सांगणारे पत्र जोडतात. भरलेली रक्कम कोणत्या बाबीत धरली आणि त्यामुळे नेमके किती देणे उरले, हे पालकाला आणि कार्यालयाला सारखेच दिसावे, हा या पत्राचा हेतू असतो.

पत्राचा नमुना

> मा. पालक,
> स. न. वि. वि.
>
> आपल्या पाल्याचा पहिल्या सत्राचा (जून ते नोव्हेंबर) फी तक्ता सोबत जोडला आहे. पूर्ण भरलेल्या बाबीसमोर ‘पू’, काही भाग भरलेल्या बाबीसमोर ‘भा’ आणि काहीच न भरलेल्या बाबीसमोर आडवी रेघ आहे. धनादेश मिळाला असून अद्याप वटला नसल्यास ‘प्र’ म्हणजे प्रलंबित असे लिहिले आहे.
>
> रक्कम कशासाठी आहे हे आपण कळवले नसल्यास ती प्रथम मागील बाकीत, मग भोजन, वीज-पाणी आणि शेवटी खोलीभाडे या क्रमाने धरली आहे. ‘बाकी’ म्हणजे आपल्याकडून येणे असलेली रक्कम. जादा भरणा झाला असल्यास आकड्यापुढे ‘जादा जमा’ असे लिहिले आहे. अनामत रक्कम या हिशेबात धरलेली नाही.
>
> आकडे पावतीशी जुळत नसल्यास पावतीची प्रत घेऊन पंधरा दिवसांत कार्यालयात यावे.
>
> आपला,
> अधीक्षक

खुणा प्रत्येक वसतिगृहात वेगळ्या असू शकतात. पण वरच्या पत्रातील तीन गोष्टी कुठेही स्पष्ट असाव्या लागतात : पैसे कोणत्या क्रमाने धरले, बाकी कोणाची कोणाकडे आणि अनामत कुठे गेली.

उदाहरण : 20,000 रुपये कुठे गेले?

एका विद्यार्थ्याची मागील वर्षाची 2,300 रुपये बाकी आहे. या सत्राचे भोजन दरमहा 3,000 प्रमाणे 18,000, वीज-पाणी 1,500 आणि खोलीभाडे 12,000. एकूण देणे 33,800 रुपये. पालकांनी जूनमध्ये 20,000 भरले, पण कशासाठी ते लिहिले नाही. तक्ता असा दिसेल :

| बाब | देय | भरलेले | बाकी | खूण |
|---|---|---|---|---|
| मागील बाकी | 2,300 | 2,300 | 0 | पू |
| भोजन | 18,000 | 17,700 | 300 | भा |
| वीज-पाणी | 1,500 | 0 | 1,500 | — |
| खोलीभाडे | 12,000 | 0 | 12,000 | — |
| एकूण | 33,800 | 20,000 | 13,800 | |

गैरसमज इथेच होतो. पालकांच्या मनात 12,000 खोलीचे आणि उरलेले 8,000 भोजनाचे असतात. तक्त्यात मात्र खोलीसमोर रेघ दिसते आणि ‘भाडे भरूनही नोंद नाही’ अशी तक्रार होते. पैसे हरवलेले नसतात, ते फक्त दुसऱ्या बाबीत धरलेले असतात. ‘भरलेले’ या रकान्याची बेरीज पावत्यांच्या बेरजेइतकी आली, तर हिशेब पूर्ण आहे आणि प्रश्न केवळ क्रमाचा आहे. बेरीज कमी आली, तर एखादी पावती नोंदवायची राहिली आहे.

क्रमाचा प्रश्नही किरकोळ नसतो. खोलीभाडे थकल्यावर दंड किंवा खोली सोडण्याची सूचना असा नियम असेल, तर एकूण बाकी तेवढीच असूनही खोलीसमोरची रेघ महागात पडते.

क्रम ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

अनेक वेगवेगळी देणी असताना अपुरी रक्कम दिली, तर ती कोणत्या देण्यात धरायची याचे नियम भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 59 ते 61 मध्ये आहेत. पैसे देणाऱ्याने ‘हे अमुक देण्यासाठी’ असे सांगितले आणि घेणाऱ्याने ते स्वीकारले, तर रक्कम त्याच देण्यात धरावी लागते. देणाऱ्याने काहीच सुचवले नसेल, तर घेणारा ठरवतो. दोघांनीही ठरवले नसेल, तर जुने देणे आधी फिटते.

म्हणून भरणा करतानाच पावतीवर किंवा ऑनलाइन भरण्याच्या शेऱ्यात ‘खोलीभाडे, पहिले सत्र’ असे लिहिणे उपयोगी ठरते. प्रवेशाच्या वेळी सही केलेल्या नियमांतच क्रम दिलेला असेल, तर मात्र आधी तो पाहावा.

धनादेश आणि ‘प्र’

ऑगस्टमध्ये याच पालकांनी 10,000 रुपयांचा धनादेश दिला. तक्त्यात ‘प्र’ लागले, पण बाकी 13,800 च राहिली. धनादेश हातात आला म्हणजे पैसे आले असे नाही. तो वटला की भोजनाचे 300, वीज-पाण्याचे 1,500 आणि खोलीभाड्याचे 8,200 असे धरले जातात. मग खोलीसमोर ‘भा’ येते आणि बाकी 3,800 होते. तक्ता कोणत्या तारखेपर्यंतचा आहे, हे त्यासाठीच पाहायचे. त्या तारखेनंतर भरलेले पैसे त्यात दिसणार नाहीत.

सूट, जादा भरणा आणि ‘शिल्लक’

मुलगा आगाऊ कळवून 8 दिवस घरी होता आणि नियमानुसार दिवसाला 100 रुपये भोजनसूट मिळाली, तर 800 रुपये वजा होऊन बाकी 3,000 राहते. ही सूट ‘भरलेले’ या रकान्यात लिहू नये. तिची पावती नसते, त्यामुळे पावत्यांची बेरीज जुळेनाशी होते. तिच्यासाठी वेगळा रकाना लागतो.

सूट लक्षात न घेता पालकांनी 3,800 भरले, तर 800 जादा होतात. काही तक्त्यांत हा आकडा वजा चिन्हाने किंवा कंसात येतो आणि पालक तो पुन्हा भरायची रक्कम समजतात. ‘800 जादा जमा’ असे शब्दांत लिहिले की घोळ राहत नाही. ही रक्कम पुढील सत्राच्या सुरुवातीला वजा झालेली दिसली पाहिजे.

‘शिल्लक’ हा शब्दही फसवा आहे. बँकेच्या पासबुकात शिल्लक म्हणजे आपले पैसे. फी तक्त्यात तोच शब्द बहुधा आपण द्यायच्या पैशांसाठी छापलेला असतो. ‘येणे बाकी’ असे लिहिले तर दोन अर्थ निघत नाहीत.

आकडे जुळत नसतील तर

आधी मागील तक्त्याची अखेरची बाकी आणि नव्या तक्त्यातील ‘मागील बाकी’ एकच आहे का, ते पाहावे. मग प्रत्येक पावतीचा क्रमांक व रक्कम तक्त्याशी लावून पाहावी. ऑनलाइन भरणा दिसत नसेल, तर ॲपमधील 12 अंकी यूपीआय व्यवहार क्रमांक, तारीख आणि विद्यार्थ्याचे नाव कार्यालयाला लेखी द्यावे. असे पैसे अनेकदा वसतिगृहाच्या खात्यात पोहोचलेले असतात, पण पाठवणाऱ्याचे नाव वडिलांचे किंवा मामांचे असल्याने कोणत्या विद्यार्थ्याच्या नावे नोंदवायचे हे कारकुनाला कळलेले नसते.

शेवटी अनामत. ती वसतिगृह सोडताना परत मिळायची रक्कम असते, म्हणून फीच्या बेरजेत मिसळत नाही. अखेरची बाकी तिच्यातून वळती केली असेल, तर किती वळती झाली आणि किती परत मिळणार, हे दोन्ही आकडे कार्यालयाकडून लेखी घ्यावेत.