नीतीच्या वीस शब्दांची कुळकथा

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत 2013 साली नीतिशास्त्राचा 250 गुणांचा स्वतंत्र पेपर आला. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आणि तिच्यातही हा विषय आहे. तेव्हापासून मुक्ताईनगरच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या पोरांच्या वहीत नीतिशास्त्राची एक शब्दयादी असते. समोर व्याख्या असते, ती पाठ होते, आणि प्रश्नात गावातला प्रसंग आला की नेमकी तीच कामाला येत नाही. मला वाटतं, शब्द कुठल्या घरचा आहे हे कळलं तर तो लवकर ओळखीचा होतो.

नव्या विद्यार्थ्याला मी वीस शब्द देतो. त्यांतले नऊ जुन्या संस्कृत घरचे: नीती, धर्म, कर्तव्य, विवेक, न्याय, हेतू, स्वार्थ, परार्थ, क्षमा. तीन अरबी-फारसीतून दरबार-दफ्तरामार्गे आलेले: हक्क, जबाबदारी, इमान. सचोटी आपली रोजच्या बोलण्यातली. उरलेले सात पश्चिमेचे ग्रंथ वाचताना घडवले किंवा नव्या अर्थाने वापरात आणले: मूल्य, सदसद्विवेकबुद्धी, उपयुक्ततावाद, परिणामवाद, कर्तव्यवाद, सापेक्षतावाद, स्वायत्तता. सगळ्यांची कुळकथा इथे मावणार नाही. ज्यांवर विद्यार्थी अडतात तेवढ्यांची सांगतो, आणि त्यांना एकच प्रसंग लावून पाहतो.

समजा, तापीकाठच्या एका शेतकऱ्याच्या केळीवर सीएमव्ही आला. कोवळ्या पानांवर पिवळट पट्टे दिसले. या रोगावर औषध नाही. झाड उपटून नष्ट करायचं, मावा आणि तण आवरायचं, एवढंच हातात असतं. त्याने तेवढं केलं, पण त्याच बागेतले कंद शेजारच्या गावच्या माणसाला विकले. कंद पाहून रोग कळत नाही. घेणाऱ्याने विचारलं नाही, याने सांगितलं नाही.

विद्यार्थी पहिल्यांदा म्हणतो, ‘खोटं तर बोलला नाही ना!’ इथे सचोटी कामाला येते. विचारल्यावर खरं सांगणं हा प्रामाणिकपणा झाला. समोरच्याला विचारायचं सुचणारच नाही ते आपणहून सांगणं ही सचोटी. आपल्याकडे ‘सचोटीचा व्यवहार’ म्हणतात तो हाच.

घेणाऱ्याला रोगाची माहिती मिळायचा हक्क होता का? हा शब्द इंग्रजी राज्याच्या आधी आपल्या कागदपत्रांत भरपूर आहे, पण तिथे तो देशमुख-पाटलांच्या वतनाचा. गावच्या उत्पन्नात कोणाचं किती, ते हक्काने ठरे. म्हणजे तो ठरावीक घराण्याचा होता. माणूस म्हणून प्रत्येकाला हक्क आहे, हा अर्थ त्याच शब्दावर नंतर चढला. जुना अर्थ अजून पुरता गेलेला नाही. ‘त्याचा काय हक्क?’ असं आपण विचारतो तेव्हा बऱ्याचदा मनात वतनच असतं. आणि जबाबदारी म्हणजे मुळात जबाब देण्याची बांधिलकी. पुढच्या हंगामात घेणारा माणूस बांधावर येऊन उभा राहिला तर याला काय उत्तर देता येईल, असं विचारलं की त्या शब्दाची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

आता घडवलेले शब्द. मराठीत त्यांचा एक मोठा कारखाना होता मंडालेचा तुरुंग. तिथे 1910-11 च्या हिवाळ्यात टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं. ते 1915 साली छापून आलं. त्यात गीतेइतकाच बेंथम, मिल, कांट यांच्याशी वाद आहे, आणि तो वाद मराठीत घालायचा तर शब्द हवेच होते. बेंथम-मिल यांच्या मताला ते ‘पुष्कळांचे पुष्कळ सुख’ म्हणतात. त्यालाच पुढे अभ्यासक्रमात उपयुक्ततावाद म्हणू लागले. परिणामवाद हा त्याचा मोठा घेर: कृतीचं बरेवाईटपण परिणामांवरूनच ठरवायचं. इंग्रजीत या अर्थाचा शब्द एलिझाबेथ अ‍ॅन्स्कम यांनी 1958 साली वापरला, म्हणजे हा वयाने बराच लहान.

टिळकांनी ‘पुष्कळांचे पुष्कळ सुख’ या मतावर घेतलेले आक्षेप उदाहरणांसह आहेत. कौरवांचं सैन्य अकरा अक्षौहिणी, पांडवांचं सात. मग डोकी मोजून कौरवांची बाजू न्याय्य ठरवायची का? दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. एका शहरात ट्रामची परवानगी अडली, व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच देऊन ती मिळवली, लोकांची सोय झाली. आणि पुढे लाच उघडकीस येऊन त्याला शिक्षा झाली. सोय सर्वांची झाली, तरी कृती शुद्ध ठरली नाही, कारण हेतू शुद्ध नव्हता.

आपला प्रसंग इथेच ठेवून पाहा. समजा, विकलेले कंद योगायोगाने निरोगी निघाले आणि घेणाऱ्याची बाग उत्तम आली. प्रत्यक्ष घडलेल्या परिणामांवरच बोट ठेवणाऱ्याला शेतकऱ्याला दोष देणं जड जाईल. कर्तव्यवादी म्हणेल, बाग आली की गेली याचा संबंध नाही; सांगायचं ते लपवलं तेव्हाच चूक झाली. दोन्ही वादांतला फरक इतका स्वच्छ दाखवणारा दुसरा मार्ग मला माहीत नाही: परिणाम चांगला करून पाहायचा आणि दोष उरतो का ते तपासायचं.

शेतकरी म्हणाला, ‘सगळेच विकतात, माझं मन काही खात नाही,’ तर? मनाच्या या टोचणीला सदसद्विवेकबुद्धी म्हणतात. टिळकांनी तिला मनोदेवता मानणाऱ्या पक्षासाठी एक पूर्ण प्रकरण दिलं आहे, आणि निकाल त्या पक्षाविरुद्ध. आत वेगळी देवता बसलेली नाही. हिशेब करणारी, निवड करणारी बुद्धीच तो निवाडा करते, आणि ती घडवलेली असेल तशीच बोलते. म्हणून मन खात नाही हा पुरावा होत नाही. विद्यार्थ्यांच्या उत्तरांत सर्वाधिक चुका मला याच शब्दावर दिसतात. ‘आतला आवाज’ लिहून ते मोकळे होतात.

हा सगळा विचार खानदेशाला परका नव्हता. 1916 साली प्रताप शेठजींनी अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर काढलं, तिथे तत्त्वज्ञानाचा अभ्यास होई. साने गुरुजी अमळनेरला आले ते या मंदिराचे विद्यार्थी म्हणूनच. आणि एकूण मराठीतही 1919 साली वामन मल्हार जोशी यांचं ‘नीतिशास्त्र-प्रवेश’ हे पुस्तक आलं.

क्षमा मात्र मुक्ताईच्याच गावात समजून घ्यावी. लोकांनी अपमान केला म्हणून ज्ञानदेव दार लावून बसले आणि धाकट्या बहिणीने ताटी उघडायला लावली, ही कथा इथे सर्वांना ठाऊक आहे. ज्ञानदेवांचा राग अन्याय्य होता का? मुळीच नाही. ते दार लावून तसेच बसून राहिले असते तरी कोणाचा हक्क मोडत नव्हता, कोणतं कर्तव्य चुकत नव्हतं. मुक्ताई मागत होती ते कर्तव्याच्या पलीकडचं होतं. केळीच्या प्रसंगात फसलेल्याने शेतकऱ्याला माफ केलं तर ती त्याची थोरवी. पण माफ कर असं त्याला हक्काने सांगता येणार नाही, गावालाही नाही आणि शेतकऱ्याला तर नाहीच. न्याय आणि क्षमा एकाच उत्तरात सरमिसळ करणाऱ्याने ही रेघ आधी ओढावी.

नव्या विद्यार्थ्याला एवढंच सांगेन: ‘गीतारहस्या’चं चौथं आणि सहावं प्रकरण वाचा, आणि यादीतल्या प्रत्येक शब्दापुढे आपल्या गावातली दोन उदाहरणं लिहा, एक त्यात बसणारं आणि एक बसेलसं वाटूनही न बसणारं.