सिमेंट मुरवायचे की पळवायचे?

साठवलेले सिमेंट दगड होते, म्हणून माल आठवड्याच्या हिशेबाने मागवावा, हे आज कुठलाही मुकादम सांगेल. पण भारतीय मानकाच्या १९८९ च्या प्रतीत एक विलक्षण कलम आहे. सिमेंट फुगण्याच्या चाचणीत नापास झाले, तर त्याच नमुन्यातले सिमेंट ७५ मिलिमीटर जाडीच्या थरात पसरून ७ दिवस हवा खाऊ द्यावे आणि मग पुन्हा तपासावे! ज्या हवेपासून आपण गोण्या जपतो, तिचाच हा उपचार कसा?

ही एकोणिसाव्या शतकातली आठवण आहे. तेव्हाच्या उभ्या भट्ट्यांत माल सारखा भाजला जात नसे आणि सिमेंटमध्ये मोकळा चुना उरे. बांधकाम घट्ट झाल्यावर हा चुना ओल पिऊन फुगे आणि काम तडके. म्हणून इंग्लंडमधले अभियंते ताजे सिमेंट वापरतच नसत. ते शेडमध्ये लाकडी फळ्यांवर पसरायचे, अधूनमधून फावड्याने उलटायचे आणि काही आठवडे मुरू द्यायचे. हवेतली ओल त्या चुन्याला आधीच विझवून टाके. म्हणजे आठवड्यांचे वेळापत्रक तेव्हाही होतेच, फक्त ते सिमेंट थांबवण्यासाठी होते.

ते उलटले कशाने? माझ्या मते फिरत्या भट्टीने. फ्रेडरिक रॅन्समने १८८५ मध्ये तिचे पेटंट घेतले आणि अमेरिकेत ती यशस्वी झाली. भाजणी एकसारखी झाली, दळण बारीक झाले. हे सिमेंट फार लवकर आवळू लागले, म्हणून त्यात जिप्समही आले. मोकळा चुना घटल्यावर मुरवण्याचे कारणच उरले नाही. उलट कण बारीक, म्हणजे ओल धरायला पृष्ठभाग मोठा; जी हवा औषध होती, ती आता नुसतीच ताकद खाऊ लागली.

ती किती खाते, हे शिकागोच्या लुईस इन्स्टिट्यूटमध्ये डफ एब्रॅम्स यांनी मोजून १९२० मध्ये प्रसिद्ध केले. आपल्या पाठ्यपुस्तकांत तीन महिन्यांत २० टक्के, सहा महिन्यांत ३० आणि वर्षात ४० टक्के ताकद जाते असा तक्ता असतो. त्याचे मूळ मी तिथेच धरतो, कारण शिकागोचे आकडे जवळपास हेच आहेत. गोणीतले सिमेंट तीन महिन्यांहून जुने झाले की फेरतपासणी करावी, हा आपला नियमही त्याच घराण्यातला दिसतो.

माल लागेल तसाच मागवण्याच्या या शिस्तीचे श्रेय व्यवस्थापनाची मंडळी जपानी मोटार कारखान्यांना देतात. मला ते पटत नाही. तिथे साठा टाळला तो अडकलेल्या पैशासाठी आणि दडलेले दोष दिसावेत म्हणून. साठवलेला नट काही तीन महिन्यांत ताकदीचा पाचवा हिस्सा गमावत नाही. काहीजण १९७५ च्या लागोसकडे बोट दाखवतात. नायजेरियाने सुमारे दोन कोटी टन सिमेंट एकदम मागवले, बंदराच्या ताकदीच्या कितीतरी पट. शेकडो जहाजे समुद्रात खोळंबली, काहींच्या पोटातच सिमेंट गोठले आणि खोळंब्याच्या भरपाईचे दावे लंडनच्या कोर्टापर्यंत गेले. पण लागोसने नियम घडवला नाही, मोडल्यावर काय होते ते दाखवले.

तीच चूक छोट्या प्रमाणात घरोघर होते. हजार चौरस फुटांच्या घराला ढोबळमानाने चारशे गोण्या लागतात. दर बरा मिळाला म्हणून मालक सगळ्या एकदम उतरवतो. पाच इंची स्लॅबला शंभराच्या आसपास गोण्या एका दिवसात जातात, बीमच्या वेगळ्या. मग खाली सेंट्रिंगचे टेकू उभे, आतले काम बंद. दोन-तीन आठवडे सिमेंटला गिऱ्हाईकच नाही. पुढे गवंड्याच्या दोन जोड्या विटकामात आठवड्याला पंधरा-वीस गोण्या संपवतात. या चालीने तळाची गोणी प्लास्टरपर्यंत चार-पाच महिन्यांची होते, आणि मध्ये पावसाळा आला तर विचारूच नका. त्यापेक्षा स्लॅबचा माल दोन-तीन दिवस आधी आणावा आणि विटकामाला दर पंधरवड्याला तीस-चाळीस गोण्या. थप्पी दहा गोण्यांपेक्षा उंच नको, भिंतीला चिकटलेली नको, आणि आधी आलेली गोणी आधी फुटावी.

दाबाने आवळलेली गोणी जमिनीवर लोळवली की मोकळी होते, ती चांगली. खडा चिमटीत चुरत नसेल, तर मात्र ओल आत पोचली आहे. तसले सिमेंट चाळूनही स्लॅबमध्ये घालू नये. गोणीवर भरल्याचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते. ट्रक रिकामा होण्याआधी ते वाचा, आणि जुना माल असेल तर त्याच ट्रकने परत पाठवा.