रुग्णालयीन देयकांचे अंतर्गत लेखापरीक्षण

रुग्णाला दिलेली प्रत्येक आकारणीयोग्य सेवा त्याच्या बिलात आली की नाही, बिलातील सवलत अधिकृत होती की नाही आणि विमा कंपनीकडून येणे असलेली रक्कम खरोखर जमा झाली की नाही, याची रुग्णालयाने स्वतःच्या यंत्रणेमार्फत केलेली तपासणी. वैधानिक लेखापरीक्षक वर्षअखेरीच्या हिशेबांवर मत देतो. अंतर्गत लेखापरीक्षक मात्र वर्षभर व्यवहारांच्या मुळाशी जातो. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३८ नुसार ठरावीक वर्गांतील कंपन्यांना असे परीक्षण बंधनकारक आहे. न्यासांमार्फत चालणारी रुग्णालये सहसा ते व्यवस्थापनाच्या निर्णयाने करवून घेतात.

या परीक्षणाची दिशा नेहमीच्या तपासणीच्या उलट असते. बिल हाती घेऊन त्यातील नोंदींना पुरावा शोधला, तर न दिलेल्या सेवेची आकारणी सापडते. परंतु दिलेली आणि बिलातून राहून गेलेली सेवा अशा तपासणीत कधीच दिसत नाही, कारण जे बिलात नाही त्याचा माग बिलावरून निघत नाही. म्हणून आरंभ वैद्यकीय नोंदींपासून, म्हणजे केसपेपर, परिचारिकांची निरीक्षणपत्रके, शस्त्रक्रियागृहाचे रजिस्टर, रक्तपेढीचे वितरण रजिस्टर आणि औषधांच्या मागणी-परतीच्या नोंदी यांपासून करून शेवटी बिलापाशी पोहोचावे लागते. गळती बहुधा मोठ्या शस्त्रक्रियेत नसते, कारण ती सर्वांच्या लक्षात असते. ती असते खाटेपाशी केलेल्या छोट्या प्रक्रियांत, तासांवर मोजल्या जाणाऱ्या उपकरणांत, रात्रपाळीतील तातडीच्या तपासण्यांत आणि एका विभागातून दुसऱ्या विभागात रुग्ण हलवताना मध्येच राहिलेल्या नोंदींत.

एक कल्पित उदाहरण घेतल्यास ही पद्धत स्पष्ट होते. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात ठेवलेल्या एका कॅशलेस विमाधारक रुग्णाचे बिल २,००,००० रुपये झाले. निरीक्षणपत्रकानुसार कृत्रिम श्वसनयंत्र ४ तारखेच्या सायंकाळी ६ पासून ६ तारखेच्या सकाळी १० पर्यंत, म्हणजे ४० तास चालले. दरपत्रकात दर १२ तासांच्या किंवा त्याच्या अंशाच्या एककाला ३,००० रुपये दर असल्यामुळे ४ एकके लागायला हवी होती. पण नोंद रोज एकदाच हाताने केली जात असल्याने २ एककेच लागली आणि ६,००० रुपये सुटले. रक्तपेढीने लाल पेशींच्या ३ पिशव्या दिल्या होत्या, बिलात १ दिसते. यावरून २ पिशव्या सुटल्या असे म्हणणे घाईचे ठरते, कारण रक्त चढवल्याच्या नोंदी दोनच आहेत आणि तिसरी पिशवी परत आल्याची नोंद रजिस्टरात आहे; तेव्हा सुटलेली पिशवी एकच, १,५०० रुपयांची. मध्यवर्ती शिरेत नळी घातल्याचे साहित्य औषधविभागाच्या बिलात आहे, पण ती घालण्याचे २,५०० रुपये शुल्क नाही. शस्त्रक्रियेच्या टिपणात ३ स्टेपलर काडतुसे वापरल्याचे लिहिले आहे आणि बिलात २ आहेत. मात्र शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्ये, म्हणजे ठरलेल्या एकत्रित दरात, ही काडतुसे अंतर्भूत असतील, तर तिसऱ्या काडतुसाने महसूल बुडत नाही, केवळ साठ्याचा फरक उरतो. अशा रीतीने खरी गळती १०,००० रुपये भरते. करार न वाचता काडतुसाची किंमत तीत मिळवणे ही या क्षेत्रातील नेहमीची चूक आहे, आणि अशा फुगवलेल्या आकड्यांमुळेच पुढे डॉक्टर लेखापरीक्षकाचे अहवाल गांभीर्याने घेत नाहीत.

अंतिम मंजुरी होऊन रुग्ण घरी गेल्यावर हे १०,००० रुपये सहसा वसूल होत नाहीत: विमा कंपनी पुरवणी बिल क्वचितच स्वीकारते आणि रुग्णाकडे मागणे वादाला आमंत्रण ठरते. त्यामुळे महिन्यानंतर केलेल्या नमुना तपासणीपेक्षा रुग्णाच्या सुटीपूर्वी होणारी तपासणी अधिक उपयोगी पडते. तिलाही वेळेची मर्यादा आहे. भारतीय विमा नियामक प्राधिकरणाच्या मे २०२४ च्या परिपत्रकाने रुग्णालयाची विनंती मिळाल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी देण्याचे बंधन विमा कंपन्यांवर घातले आहे; ती विनंती पाठवण्याआधी बिल पूर्ण झालेले असावे लागते.

त्याच बिलाचा पुढचा प्रवास दावा-गळती दाखवतो. विमा कंपनीने २०,००० रुपये करारातील १० टक्के सवलत म्हणून आणि १२,००० रुपये अन्य कपात म्हणून वजा केले, उरलेल्या १,६८,००० रुपयांवर १० टक्के उद्गम करकपात केली आणि १,५१,२०० रुपये बँकेत भरले. जमा रकमेची बिलाशी जुळणी करून फरक ‘कपात’ या एकाच शीर्षाखाली निर्लेखित करण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. तोच गळतीचा सर्वांत सोयीचा मार्ग होय. फरकाचे घटक सुटे केल्यास चित्र बदलते. करारात औषधे व रोपणसाहित्य सवलतीतून वगळलेले असेल आणि बिलात त्यांचे ६०,००० रुपये असतील, तर ६,००० रुपयांची सवलत जास्त घेतली गेली असून ती मागता येते. १२,००० पैकी ७,००० रुपये पॉलिसीनुसार अदेय वस्तूंचे असतील, तर ते सुटीच्या वेळी रुग्णाकडून घ्यायला हवे होते. उरलेले ५,००० कागदपत्रांविषयीच्या प्रश्नाला मुदतीत उत्तर न दिल्यामुळे गेले असतील, तर दोष दावा विभागाचा. करकपातीचे १६,८०० रुपये हा तोटा नव्हेच. ते रुग्णालयाच्या २६एएस विवरणात दिसले पाहिजेत, आणि न दिसल्यास दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ कंपनीकडे, म्हणजे टीपीएकडे, पाठपुरावा करावा लागतो.

सवलतीच्या गैरवापराचा शोध रकमेपेक्षा वेळेवरून लवकर लागतो. रुग्णाने पूर्ण रक्कम रोख भरल्यानंतर रोखपालाने बिल रद्द करून सवलतीसह नवे बिल काढले आणि फरक खिशात घातला, तर सवलतीच्या नोंदीची वेळ पावतीनंतरची येते. म्हणून संगणक प्रणालीतून रद्द बिले, बदललेली बिले आणि अनामतीचे परतावे वापरकर्त्याच्या नावासह व वेळेसह काढले जातात आणि काही रुग्णांकडील मूळ पावत्या पडताळल्या जातात. एकाच संदर्भ-डॉक्टरच्या रुग्णांना नियमितपणे सवलत मिळत असेल, तर तिच्या आड दलाली आहे का, हेही पाहावे लागते. रुग्ण पाठवल्याबद्दल मोबदला देण्या-घेण्यास वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या विनियमांनी मनाई केली आहे.

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत सवलतीला आणखी एक बाजू आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाचे कलम ४१कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेली योजना यांनुसार १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात आणि त्यांच्या उपचारखर्चासाठी इतर रुग्णांच्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. विश्वस्तांच्या परिचितांना दिलेली सवलत या निधीत खर्ची टाकली, तर नुकसान रुग्णालयाचे नव्हे तर निर्धन रुग्णांचे होते. त्यामुळे निधीतील प्रत्येक खर्चाला उत्पन्नाचा पुरावा जोडलेला आहे का आणि तो दाखल होताना घेतला की बिल झाल्यावर, ही पडताळणी येथे अत्यावश्यक ठरते.

या पद्धतीची मर्यादा नोंदींतच आहे. परिचारिकेने लिहिलेच नाही, तर रजिस्टर आणि बिल दोन्ही निर्दोष जुळतात. अशा वेळी यंत्रांवरील मोजणीचा आधार घेतात: सीटी स्कॅन यंत्रातील तपासण्यांची संख्या किंवा प्रयोगशाळेतील विश्लेषकाने केलेल्या चाचण्यांची संख्या बिलांतील संख्येशी ताडतात, अर्थात गुणवत्ता-नियंत्रणाच्या आणि पुन्हा केलेल्या चाचण्या त्यातून वजा कराव्या लागतात. वसुलीच्या टक्केवारीवर मानधन घेणारा परीक्षक नेमणे मात्र टाळावे असे मत आहे, कारण त्याला केवळ सुटलेल्या सेवाच दिसतात. न दिलेल्या सेवेची किंवा दुबार लागलेल्या औषधांची आकारणी शोधण्यात त्याचा लाभ नसतो.