कामगारभरतीची जाहिरात (लघुकारखाने, शिरोळ तालुका)

लहान कारखानदाराने कामगार मिळवण्यासाठी काढलेला दहा-बारा ओळींचा मजकूर. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात तो बहुधा ‘पाहिजेत’ या शब्दाने सुरू होतो. पूर्वी तो दैनिकाच्या छोट्या जाहिरातींत यायचा. तिथे शब्दाला किंवा ओळीला पैसे मोजावे लागत, म्हणून ‘अनुभवी, आयटीआय, समक्ष भेटा’ अशी तुटक भाषा रूढ झाली. आता हाच मजकूर गावच्या व्हॉट्सअॅप गटात, स्टेटसवर किंवा एसटी स्टँडजवळच्या फ्लेक्सवर दिसतो. तिथे शब्दांचे पैसे पडत नाहीत, तरी तुटकपणाची सवय सुटलेली नाही, आणि नेमकी पगाराची ओळच सर्वांत तुटक असते.

तालुक्यातले कारखाने मुख्यतः जयसिंगपूर परिसरात आणि इचलकरंजीला लागून असलेल्या यड्रावच्या पार्वती औद्योगिक वसाहतीत आहेत. एका बाजूला वस्त्रोद्योग आणि दुसऱ्या बाजूला कास्टिंगवर मशीनिंग करून देणारे छोटे शॉप, असा साधारण पसारा आहे. माणसे मोटारसायकलने किंवा एसटीने कुरुंदवाड, नांदणी, उदगाव अशा गावांतून येतात. त्यामुळे पत्त्यात गाव आणि वसाहत दोन्ही लिहावी लागतात. ‘शिरोळ’ आणि ‘शिरोली एमआयडीसी’ यांची गल्लत तर नेहमीची. शिरोली म्हणजे हातकणंगले तालुक्यातली पुलाची शिरोली, कोल्हापूरच्या वेशीवरची. घाईत टाइप केलेल्या एका अक्षराने उमेदवार भलत्याच वसाहतीच्या गेटवर जाऊन उभा राहतो.

पदाचे नाव. मशीनशॉपच्या जाहिरातींत सर्वांत जास्त घोटाळा ‘सीएनसी ऑपरेटर’ या पदावर होतो. ऑपरेटर मशीनवर नग लावतो, काढतो, व्हर्नियर-मायक्रोमीटरने माप घेतो. सेटर टूल बदलतो, ऑफसेट देतो आणि पहिला नग तपासणीत पास करून घेतो. प्रोग्राम लिहिणारा आणखी वेगळा. मालकाला हवा असतो सेटर, पण जाहिरातीत तो लिहितो ऑपरेटर, कारण ऑपरेटरचा पगार कमी. मग दहा जण येतात, ट्रायलला ऑफसेट देता येत नाही म्हणून नऊ जण परत जातात आणि मालक ‘हल्ली पोरं कामाची राहिली नाहीत’ म्हणत बसतो. अशा वेळी दोष जाहिरातीचा असतो. मशीनवरचा कंट्रोल फॅनकचा आहे की सीमेन्सचा, एवढे एक वाक्य घातले तरी निम्मी गाळणी घरबसल्या होते. ‘फक्त पुरुष’ ही ओळ मात्र सवयीने घालू नये. सारख्या कामासाठी भरती करताना लिंगावरून भेद करायला कायद्याने मनाई आहे.

पगार. ‘पगार योग्यतेनुसार’ ही ओळ वाचून हुशार कामगार पुढे सरकतो. आकडा दिला, पण तास दिले नाहीत, तर तोही निरुपयोगी. समजा, जाहिरातीत ‘पगार १८,००० रुपये’ आहे. गेटवर गेल्यावर कळते की शिफ्ट बारा तासांची, महिन्याला २६ दिवस. आता आठ तासांचा रोज किती ते काढू. वरचे चार तास साध्या दराने धरले तर दिवसाला दीड रोज पडतो. १८,००० ला २६ ने आणि मग दीडने भागले की रोज सुमारे ४६२ रुपये येतो, म्हणजे आठ तासांच्या कामाचे महिना १२,०००. जादा काम दुप्पट दराने धरले तर चार तासांचा पूर्ण एक रोज होतो. मग रोज सुमारे ३४६ रुपये, म्हणजे महिना ९,०००. आकडा एकच असला तरी त्यामागचा मूळ पगार दोन प्रकारचा निघतो. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून तीत जादा कामाला किमान दुप्पट दर सांगितला आहे, म्हणजे हिशेब दुसऱ्या रीतीनेच करायचा. निघालेला मूळ पगार त्या उद्योगाच्या किमान वेतनाच्या दरपत्रकाशी ताडावा. महाराष्ट्रात हे दर उद्योग, कौशल्य आणि परिमंडळ यांनुसार वेगळे असतात आणि त्यांतला विशेष भत्ता सहा महिन्यांनी बदलतो. गेल्या वर्षीची जाहिरात तशीच पुन्हा टाकणाऱ्याचा आकडा त्यामुळे नकळत किमान दराखाली जाऊ शकतो.

दुसरा प्रश्न ‘हातात किती?’ हा. १४,००० पगाराच्या हेल्परचे उदाहरण घेऊ. कारखान्यात १४ माणसे आहेत. दहा किंवा अधिक माणसांना ईएसआय लागते, पीएफची सक्ती मात्र वीस माणसांपासून होते. ईएसआयचा कामगाराचा वाटा ०.७५ टक्के, म्हणजे १०५ रुपये. पुरुष कामगाराचा व्यवसाय कर २००. हातात १३,६९५ उरतात. शेजारच्या २५ माणसांच्या कारखान्यात हाच पगार पूर्णपणे मूळ वेतन आणि महागाई भत्त्याचा असेल, तर १२ टक्के पीएफचे आणखी १,६८० जातात आणि हातात १२,०१५ पडतात. तरुण मुलगा पहिल्याकडे पळतो. पण दुसऱ्याकडे मालकही पीएफमध्ये आपला वाटा भरतो, ती रक्कम जाहिरातीत लिहिलेली नसते म्हणून त्याला दिसत नाही. ‘पीएफ, ईएसआय सुविधा’ असे मोघम न लिहिता कपातीआधीचा आकडा आणि हातात येणारा आकडा दोन्ही द्यावेत.

पगाराची कक्षा दिली तर तिची दोन टोके कशावर ठरतात तेही सांगावे, नाहीतर प्रत्येक उमेदवार वरचे टोक आपलेच समजतो. मशीनशॉपचा नमुना मजकूर असा (आकडे उदाहरणादाखल) :

पाहिजेत : सीएनसी टर्निंग सेटर, २ जागा
काम : टूल बदलणे, ऑफसेट, पहिला नग पास करणे. कंट्रोल फॅनक.
पात्रता : आयटीआय टर्नर किंवा मशिनिस्ट, सेटिंगचा किमान १ वर्ष अनुभव.
वेळ : ८ तास, आठवड्याला आलटून-पालटून दोन शिफ्ट, सुट्टी सोमवारी.
पगार : १७,००० ते २१,००० (कपातीआधी). १ वर्ष अनुभवाला १७,०००. ड्रॉइंग वाचून स्वतंत्र सेटिंग करणाऱ्यास २१,०००. ओव्हरटाइम वेगळा, दुप्पट दराने.
ठिकाण : पार्वती औद्योगिक वसाहत, यड्राव, ता. शिरोळ.
अर्ज : आयटीआय प्रमाणपत्र व अनुभवाचा दाखला घेऊन मंगळवार ते शनिवार, स. १० ते १२ समक्ष भेटा किंवा व्हॉट्सअॅपवर नाव, गाव, अनुभव कळवा. अर्जाला किंवा ट्रायलला फी नाही.

शेवटचे वाक्य फुकटचे नाही. ‘नोंदणी फी’, ‘ड्रेसचे डिपॉझिट’ मागणारे फसवे मजकूर याच गटांत फिरतात. खरा कारखाना नोकरीसाठी पैसे घेत नाही आणि आधारचा ओटीपीही मागत नाही. ट्रायलला दोन दिवस काम करून घेतले तर त्या दिवसांचे पैसे द्यावे लागतात.

जाहिरात कधी काढायची यालाही इथे महत्त्व आहे. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू झाले की तालुक्यातली बरीच माणसे ऊस आणि साखर कारखान्याच्या कामात अडकतात. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला पूर आला की रस्ते बंद होतात. २०१९ आणि २०२१ मध्ये या तालुक्याला पुराने चांगलेच वेढले होते. नदीपलीकडच्या माणसांना पावसाळ्यात राहण्याची सोय असेल तर ती लिहावी.

मजकुराखाली तारीख आणि अर्जाची मुदत घालावी. जागा भरल्यावर ‘भरती पूर्ण’ असे त्याच गटात कळवावे, कारण व्हॉट्सअॅपवर पुढे पाठवलेली जाहिरात मालकाला परत घेता येत नाही आणि फोन महिनोन्महिने येत राहतात.